खुर्चीवरचे व्यायाम: मायला स्वतःच्या ताकदीने उठता यावं म्हणून काय काय केलं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगावला काम करते, पण हा लेख पेशंटबद्दल नाही तर माझ्या मायबद्दल आहे. वय ७३, राहते चोपडा तालुक्यात गावी, भावाकडे. दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी चालू, आणि गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून बसली तेव्हापासून उभं राहायची भीती बसलेली. दोन मिनिटं उभी राहिली की पाय थरथरायचे. मग काय, दिवसभर खाटेवर नाहीतर ओट्यावर खुर्चीत. आणि उठायचं असलं की वहिनीला हाक, वहिनी दोन्ही हात धरून ओढणार, मग माय उभी.

तिथेच खरी अडचण होती. खुर्चीवरचे व्यायाम म्हटलं की लोक हात वर, हात खाली, मान इकडे तिकडे एवढंच करून घेतात, ते वाईट नाही, पण त्याने बाथरूमला एकटं जाता येत नाही. बाथरूमला जाता यायला खुर्चीतून उठता आलं पाहिजे, आणि तेवढ्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू, कुल्ल्याचे स्नायू आणि पोटरी एवढे तीन तयार करायचे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. म्हणून मी इथे उठण्याबद्दलच सांगणारे, बाकीचं जेवढ्यास तेवढं.

आधी हे बघा, मग खुर्चीला हात लावा

नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, फ्रॅक्चर असेल, हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन थोडेच दिवस झाले असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर किती वाकायचं याची बंधनं असतात, ती ऑपरेशन करणाऱ्याकडूनच समजून घ्या. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते असं असेल तर व्यायाम तर नाहीच, मालीशही नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आपल्याकडे अशा वेळी पहिले तेल चोळायला बसतात म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरं, बीपी. मायला उठल्या उठल्या डोळ्यासमोर अंधारी यायची आणि घरातले म्हणायचे अशक्तपणा आहे. मी तिला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, मग धरून उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घेतलं (मधे पाय थरथरले तर बसवायचं, आकड्यासाठी पाडायचं नाही). वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते डॉक्टरला दाखवायचं. तिचा वरचा १४२ वरून ११८ झाला होता. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, ते त्यांचं काम, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. तेवढ्याने अंधारी पुष्कळ कमी झाली. हे बघितलं नसतं तर मी तिला रोज उठवलं असतं आणि एक दिवस ती पडली असती.

शुगर असेल आणि इन्शुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, आणि व्यायामाआधी पायाचे तळवे बघा, जखम असली तरी त्यांना कळत नाही.

खुर्ची

अर्धं यश खुर्चीत आहे हे मी अगदी मनापासून सांगते. चाकाची नको, आरामखुर्ची नको, सोफा तर नकोच, त्यात माणूस आत रुततो. खाटेच्या कडेवरूनही नको, नवार सैल झालेली असते. हाताची खुर्ची पाहिजे, लाकडी असली तर उत्तम, आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवायची. प्लॅस्टिकची खुर्ची टाइल्सवर मागे सरकते, उठताना जोर दिला की तिचे पाय फाकतात. घरी प्लॅस्टिकचीच असेल तर सारख्या दोन खुर्च्या एकात एक बसवा, मजबूत होते आणि उंचीही थोडी वाढते. फरशी कोरडी, पाय अनवाणी किंवा मागून पट्टा असलेली चप्पल. मोजे घालून नाही.

आता उंची. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि कुल्ला गुडघ्यापेक्षा जरा वर पाहिजे. खुर्ची जितकी बुटकी तितका उठायला जोर जास्त. घरची साधी खुर्ची साधारण १७ इंच असते. माय १७ इंचावरून हातांनी ढकलूनही धड उठत नव्हती, म्हणून आम्ही सतरंजीची घट्ट चौकोनी घडी केली, ती सुतळीने सीटला बांधली आणि उंची २० इंच केली. गोधडी वापरू नका, ती मऊ पडते आणि सरकते. २० इंचावरून ती दोन्ही हात टेकून स्वतः उठली, कुणी न ओढता. उठल्यावर म्हणे, "हाई तं जमनं माले!" आणि तिथून पुढे उंची हाच आमचा हिशोब झाला, वजन नाही, मशीन नाही, सतरंजीची एकेक घडी कमी करत जायची.

सुरुवातीचं माप

खुर्चीतून उठण्याची ३० सेकंदांची टेस्ट जगभर वापरतात. १७ इंचाची खुर्ची, हात छातीवर फुलीसारखे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. ७० ते ७९ वयाच्या बायकांमध्ये १० पेक्षा कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात, पुरुषांमध्ये ७० ते ७४ ला १२ पेक्षा कमी आणि ७५ ते ७९ ला ११ पेक्षा कमी. हात टेकावे लागले तर मार्क शून्य. मायचा शून्य आला. ज्यांना उभंच राहवत नाही त्यांच्याकडून ही टेस्ट जबरदस्तीने करून घेऊ नका, त्याऐवजी किती इंचावरून, किती हात टेकून, किती वेळा उठता येतं एवढं कॅलेंडरवर लिहा. आमच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवशी लिहिलेलं होतं "२० इंच, दोन हात, ३ वेळा".

पहिले दोन आठवडे: बसूनच

वेळ सकाळी आठच्या आत. खान्देशात एप्रिल-मे मध्ये उन्हाचा पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या घरात दहा वाजता व्यायाम म्हणजे चक्कर ठरलेली. आधी पाणी आणि काहीतरी खाऊन अर्धा तास झालेला पाहिजे (हार्ट किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच).

पाठ मागे न टेकता खुर्चीच्या मध्यावर बसायचं. पहिलं काम पायाच्या घोट्याचं: टाचा जमिनीवर ठेवून पंजे वर ओढायचे, मग पंजे टेकवून टाचा वर, असं २० वेळा. दिवसभर पाय लटकवून बसल्याने संध्याकाळी पावलं सुजतात ना, पोटरी आकुंचन पावली की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून हे दिवसातून तीन-चार वेळा केलं तरी चालतं, टीव्ही बघता बघता. उठण्याच्या आधी तर करायचंच, त्याने अंधारी पण कमी येते. सूज दोन्ही पायांना असून रोज वाढत असेल, किंवा झोपल्यावर दम लागत असेल तर मात्र ते पोटरीचं काम नाही, डॉक्टरला दाखवा.

दुसरं, गुडघा सरळ करणं, आणि हेच मुख्य. खुर्चीत मागे सरकून पाठ टेकायची, एक पाय हळूहळू पुढे उचलून गुडघा जमेल तेवढा सरळ करायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा, मांडीचा पुढचा स्नायू हाताने चाचपून बघायचा, दगडासारखा कडक झाला पाहिजे. पाचपर्यंत मोठ्याने मोजायचं आणि तितक्याच हळू खाली. एका पायाने ८, मग दुसऱ्याने ८, थोडं थांबून परत एकदा. मोठ्याने मोजायचं कारण सांगते: जोर लावताना म्हातारी माणसं श्वास कोंडून धरतात आणि श्वास कोंडला की बीपी एकदम चढतं, मोजताना श्वास कोंडताच येत नाही. मायला अंक मोजायचा कंटाळा, ती नातवंडांची नावं घ्यायची, पाच नातवंडं आहेत, काम झालं.

इथे चूक काय होते ते बघा. पाय झटक्यात वर फेकतात आणि धप्पकन सोडतात, किंवा पाय उचलताना अख्खं अंग मागे रेलतं. मागे रेलणं म्हणजे मांडीचं काम पोट-कंबर करतेय. मांडीच्या मागे खूप ताण येत असेल तर गुडघा पूर्ण सरळ नका करू, तीन चतुर्थांश बस झाला.

तिसरं, बसल्या जागी चालणं. एक गुडघा चार बोटं वर, खाली, मग दुसरा. एकूण २०. आणि चौथं, दोन्ही गुडघ्यांभोवती जुन्या साडीची पट्टी बांधायची आणि गुडघे बाहेर ढकलायचे, पाच मोजायचं, सोडायचं, १० वेळा. हे कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूसाठी, हा स्नायू ढिला असला की उठताना गुडघे आत एकमेकांकडे पडतात आणि मग गुडघा जास्त दुखतो.

हातांचं एकच: खुर्चीचे हात धरून तळव्यांनी खाली दाबायचं, जणू अंग उचलायचंय, कुल्ला उचलला नाही तरी चालेल, ८ वेळा. पुढे उठताना हेच हात कामाला येतात. मनगट सुजलेलं असेल किंवा खांदा जखडलेला असेल तर हे सोडा.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. जोराचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी, घोट्याचं मात्र रोज. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटत असेल तर थांबायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून: उठणं

आता नीट वाचा, कारण हे जसं बघतो तसं सोपं नाही.

आधी पुढे सरकायचं, एक कुल्ला मग दुसरा, सीटच्या पुढच्या अर्ध्यावर येईपर्यंत. मग पाय मागे घ्यायचे, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, चार बोटं, दोन पावलांमध्ये वीतभर अंतर. हात खुर्चीच्या हातांवर. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून पायांनी जमीन ढकलायची. उभं राहिल्यावर दोन-तीन सेकंद, बस. आपल्याला उभं राहायची शर्यत लावायची नाही, ज्यांना जास्त वेळ उभं राहवत नाही त्यांना हेच परवडतं. मग पायाच्या मागे खुर्ची लागतेय का ते जाणवू द्यायचं, हात मागे न्यायचे, परत नाक पुढे, आणि चार मोजत हळू बसायचं.

माय पहिल्यांदा उठायला गेली तेव्हा पाय पुढे पसरलेले आणि पाठ ताठ, तशीच वर व्हायचा प्रयत्न. तसं कुणालाच जमत नाही, जवान माणसाने करून बघावं, अंगाचं वजन पावलांच्या वर आल्याशिवाय उठताच येत नाही. ती पुढे वाकायला घाबरायची, तोंडावर पडेन म्हणून. मग मी समोर एक स्टूल ठेवलं, त्यावर उशी, आणि सांगितलं माय, उठू नकोस, फक्त उशीला हात लाव आणि परत ये. दोन दिवस एवढंच केलं. तिसऱ्या दिवशी हात लावता लावता कुल्ला आपोआप उचलला गेला.

हळू बसणं लोक सोडून देतात, आणि माझ्या मते उठण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. धपकन बसलं की मणक्याला हादरा बसतो, हाडं ठिसूळ असतील तर मणका दबूही शकतो. शिवाय हळू खाली येताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच काम करतो, त्याने ताकद चांगली वाढते. ज्याला उठता येत नाही त्यानेही आधाराने उभं करून हळू बसायचा सराव केला तरी फायदा होतो.

मदत करणाऱ्यासाठी: हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो किंवा दुखावतो. बाजूला, जरा मागे उभं राहा, एक हात कंबरेच्या मागे, साडीवर पदराचा पट्टा घट्ट बांधलेला असेल तर तो धरायला सोपा. आणि वॉकर असेल तर वॉकरला धरून उठायचं नाही, तो उलटतो, आधी खुर्ची ढकलून उठायचं, मग वॉकर धरायचा.

सुरुवात ५ वेळा, दोन मिनिटं आराम, परत ५. सलग ८ वेळा दोनदा झालं, शेवटचंही पहिल्यासारखं नीट झालं, आणि असं लागोपाठ दोन दिवस जमलं, की मगच पुढची पायरी. पायरी म्हणजे एकतर सतरंजीची एक घडी कमी, नाहीतर दोन हातांऐवजी एक हात. दोन्ही एकदम नाही.

पाचव्या आठवड्यात काय चुकलं

भावाला उत्साह आला. मी नव्हते, माय १८ इंचावर आली होती, त्याने एका सकाळी २० वेळा उठवलं. दुसऱ्या दिवशी फोन, "मना गुडघा दुखस, आते बस कर." उजवा गुडघा सुजला होता, वाटीच्या वरचा खळगा भरून आलेला. झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, दहापैकी चारपर्यंत म्हणू, पण ते संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं पाहिजे. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं किंवा सूज आली म्हणजे डोस जास्त झाला. व्यायाम चुकीचा नव्हता, आकडा चुकला होता.

तीन दिवस उठणं बंद ठेवलं, घोटा आणि गुडघा सरळ करणं कमी संख्येने चालू, बर्फाचा रुमाल दहा मिनिटं. मग परत १९ इंच, दोन हात, ५ वेळा. एक आठवडा मागे गेलो एवढंच. सूज उतरलीच नसती, किंवा गुडघा लाल, गरम, ताप असं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं.

आणि हे झालं तर तिथल्या तिथे थांबायचं: छातीत दाब किंवा दुखणं, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं, बसल्यावरही न उतरणारा दम, चक्कर, घाम फुटून अंग गार पडणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं. १०८ ला फोन, थोडा वेळ बघू असं नाही.

बारावा आठवडा

कॅलेंडरवरून सांगते. आठव्या आठवड्यात १७ इंच, दोन हात, ८ वेळा दोनदा. दहाव्यात एक हात. बाराव्यात ३० सेकंदांची टेस्ट परत घेतली, हात न टेकता ५ वेळा उठली, पाचव्याला गुडघे आत पडले म्हणून मी थांबवलं. १० च्या खालीच आहे, म्हणजे पडण्याचा धोका गेलेला नाही, म्हणून रात्री बाथरूमला दिवा चालू आणि भिंतीला धरायला दांडा बसवला, कमोडची खुर्ची पण १८ इंचाची केली. गुडघ्याची झीज तशीच आहे, ती व्यायामाने भरून येत नाही. सलग उभं राहणं दोन मिनिटांवरून चार-पाच मिनिटांवर आलं, त्यापुढे नाही. पण दिवसा बाथरूमला ती वहिनीला हाक मारत नाही.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढंच चालू आहे: घोटा, गुडघा सरळ करणं, आता पायाला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधून, आणि ८ वेळा दोनदा उठणं. मधे तिला ताप आला, नऊ दिवस सगळं बंद होतं, उठल्यावर लगेच १७ इंचावरून करायला निघाली होती. मी फोनवरूनच सांगितलं, माय, दोन घड्या परत टाक, दोन्ही हात टेक, ५ वेळाच कर, आणि शुक्रवारी मला सांग सकाळी गुडघा कसा होता ते.